आचारी, आचार्य आणि एक शिफ्ट

मराठी टाइप करायला नव्याने बसलेल्या माणसाला हमखास एकच सल्ला मिळतो: "फोनेटिक घे, सोपं आहे. इंग्रजीत लिही, आपोआप मराठी होतं." हा सल्ला देणारे लोक चांगल्या मनाचे असतात, पण सल्ला चुकीचा आहे. लॅपटॉपवर मराठीत चार ओळींपेक्षा जास्त लिहायचं असेल, तर पहिल्या दिवसापासून इनस्क्रिप्ट शिकावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ते का, हे नीट सांगतो. इनस्क्रिप्ट कुठे कमी पडतं तेही सांगतो, कारण त्याचे भक्त ते सहसा सांगत नाहीत.

आधी 'फोनेटिक' या नावाबद्दल. फोनेटिक म्हणजे उच्चारानुसार. पण त्या कीबोर्डवर तुम्ही मराठी उच्चार टाइप करतच नाही. तुम्ही त्या शब्दाचं रोमन स्पेलिंग टाइप करता, आणि सॉफ्टवेअर त्यावरून मराठी शब्द बनवतं. याचे दोन प्रकार आहेत. पहिला अंदाजाचा: तुम्ही `pani` लिहिता, ते शब्दकोशात बघून 'पाणी' सुचवतं. दुसरा नियमाचा: `t` म्हणजे त, `T` म्हणजे ट, `n` म्हणजे न, `N` म्हणजे ण. मायबोली, मनोगत, मिसळपाव अशा संकेतस्थळांवर एक अख्खी पिढी याच दुसऱ्या प्रकाराने लिहिती झाली, आणि त्या उपकाराबद्दल मला शंका नाही. पण दोन्ही प्रकारांत मराठी अक्षर आणि तुमचं बोट यांच्यामध्ये रोमन लिपीचा दलाल बसलेला असतो.

इनस्क्रिप्टमध्ये दलाल नाही. `K` म्हणजे क, `L` म्हणजे त, `J` म्हणजे र. एक की, एक अक्षर. आणि अक्षरं उच्चाराच्या क्रमाने टाइप होतात. हाताने 'कि' लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो. इनस्क्रिप्टमध्ये आधी क, मग ि, जसं तोंडातून येतं तसं. म्हणजे खऱ्या अर्थाने उच्चारानुसार चालणारा कीबोर्ड हाच आहे. नाव मात्र दुसऱ्याने पळवलं.

आता हा दलाल नेमकं काय बिघडवतो ते एका शब्दावर पाहू. 'आचार्यांना दक्षिणा दिली' आणि 'आचाऱ्यांना दक्षिणा दिली'. पहिल्यात पैसे गुरुजींना मिळाले, दुसऱ्यात स्वयंपाक्यांना. मराठीत हा फरक रफार आणि अर्ध्या ऱ-चा आहे. रोमनमध्ये मात्र दोन्हींचं स्पेलिंग एकच: `acharyanna`. अंदाजाच्या कीबोर्डला यातला कुठला हवा हे कळण्याचा मार्गच नाही. तो यादी दाखवणार. यादीत हवा तो शब्द असला तर तुम्ही थांबून, वाचून, निवडून पुढे जाणार. नसला तर शोधाशोध करणार, किंवा 'चालतंय' म्हणून सोडून देणार. बहुतेक जण सोडून देतात. 'दऱ्या'चा 'दर्या' झालेला, म्हणजे डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झालेला, तुम्हीही वाचला असेल.

इनस्क्रिप्टमध्ये 'आचाऱ्यांना' असं बनतं: आ, च, ा, ऱ, ्, य, ा, ं, न, ा. दहा वेळा की दाबायच्या. `acharyanna` मध्येही दहाच अक्षरं आहेत, म्हणजे मेहनत सारखीच. पण इथे दहावी की दाबली की शब्द पूर्ण. 'आचार्यांना' हवं असेल तर त्याच दहा की, फक्त चौथ्या वेळी `J` शिफ्टशिवाय. साधा `J` म्हणजे र, शिफ्टसह ऱ. गुरुजी आणि स्वयंपाकी यांच्यात एका शिफ्टचं अंतर आहे, आणि ते शिफ्ट तुमच्या हातात आहे.

माझं काम सॉफ्टवेअरचं, त्यामुळे मला हा फरक अक्षरांच्या आतही दिसतो. पायथॉनमध्ये विचारून बघा:

```python
>>> [hex(ord(c)) for c in "र्य"]
['0x930', '0x94d', '0x92f']
>>> [hex(ord(c)) for c in "ऱ्य"]
['0x931', '0x94d', '0x92f']
```

पहिलं अक्षरच वेगळं आहे. शिवाय 'ऱ्य' बनवायची एक आडवाटही आहे: साधा र, हलन्त, आणि त्यापुढे `0x200d` हे न दिसणारं जोडचिन्ह. काही साधनं तशीच लिहितात. स्क्रीनवर दोन्ही सारखंच दिसतं, पण साधा शोध घेतला तर एक लिहून दुसरं सापडत नाही. आपल्या फाइलमध्ये हे झालंय का, हे ओळखायची सोपी युक्ती म्हणजे समोर दिसणारा शब्द शोधाच्या चौकटीत स्वतः टाइप करायचा. डोळ्यांना दिसतोय आणि शोधाला मिळत नाही, तर आत वेगळं काहीतरी लिहिलेलं आहे. इनस्क्रिप्टवर तुम्ही ऱ आणि हलन्त स्वतः दाबलेले असतात, त्यामुळे आत काय आहे ते तुम्हाला माहीत असतं.

"पण पाठ कोण करणार?" हा पुढचा प्रश्न. माझ्या मामेबहिणीने तो असाच विचारला होता: "दादा, मला गोष्टी लिहायच्यात, टायपिंगची परीक्षा नाही द्यायची." प्रश्न रास्त आहे. पण पाठांतर वाटतं त्याच्या निम्म्याहून कमी आहे. स्वरचिन्हं डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. मराठीत व्यंजन, स्वर, व्यंजन, स्वर असं चालतं, म्हणून दोन्ही हात आळीपाळीने पडतात. शिफ्ट दाबलं की काना 'ा' चा 'आ' होतो, क चा ख, त चा थ, च चा छ. हलन्ताची की शिफ्टसह दाबली की 'अ' येतो: जी की व्यंजनातला अ काढते, तीच अ देते. पाठ करायची ती मुख्यतः खालची ओळ, कारण तिथे हा नियम मोडतो: म वर ण, ल वर ळ, स वर श.

बोटं जिथे विसावतात त्या मधल्या ओळीत डावीकडून ो े ् ि ु आणि मग प र क त च ट आहेत. एवढ्यावर पहिल्याच दिवशी 'पत्र', 'चित्र', 'कुत्रे' असे जोडाक्षरांचे शब्द येतात, आणि 'पोपट चोच टोचतो' हे अख्खं वाक्यही. मामेबहिणीने हेच वाक्य दोन दिवस बडवलं. मग वरची ओळ, शेवटी खालची. विंडोजमध्ये भाषांच्या सेटिंगमध्ये मराठी जोडायची आणि कीबोर्ड निवडताना 'फोनेटिक' लिहिलेला टाळायचा. अक्षरं कुठे आहेत ते पाहायला विंडोज, कंट्रोल आणि `O` एकत्र दाबलं की स्क्रीनवर कीबोर्ड उघडतो. की वर स्टिकर चिकटवू नका. स्टिकर असले की मान खाली जाते आणि बोटं कधीच शिकत नाहीत. रोज वीस मिनिटं धरली तर तिला साधारण तीन आठवडे लागले. त्यातला पहिला आठवडा वैतागाचा होता, हे खोटं कशाला बोला.

उलट नियमाच्या फोनेटिकमध्येही पाठांतर असतंच, फक्त ते पुढ्यात येईपर्यंत लपून राहतं. ज्ञ कसा लिहायचा? मराठी माणूस 'द्न्य' म्हणतो, हिंदी माणूस 'ग्य', आणि साधन बनवणाऱ्याने तिसरंच काही ठरवलेलं असतं. साधन बदललं की नियम बदलला. त्यात प्रत्येक अकारासाठी `a` दाबायचा: 'नगर' साठी `nagar` अशी पाच अक्षरं, इनस्क्रिप्टमध्ये तीन.

साधन बदलतं, ही भीती काल्पनिक नाही. अनेकांचं मराठी ज्यावर चालत होतं, ते विंडोजसाठीचं इनपुट टूल गूगलने काही वर्षांपूर्वी बंद केलं. इनस्क्रिप्ट कुणा कंपनीचं उत्पादन नाही. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ते ठरवलं आणि १९९१ मध्ये ते भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १३१९४ या मानकात आलं. विंडोज असो की लिनक्स, ते आधीपासून आत असतं. आणि ते एकट्या देवनागरीचं नाही. कन्नड, गुजराती, बांगला, तेलुगू या लिप्यांतही क `K` वरच आहे. बेळगावात मराठी आणि कन्नड दोन्ही लिहिणाऱ्या मुलीला बोटांचं वळण एकदाच लावावं लागतं.

आता उणिवा. ण, ळ आणि श ही मराठीत सतत लागणारी अक्षरं, आणि तिन्ही शिफ्टवर, तळाच्या ओळीत. कारण ही मांडणी सगळ्या भारतीय भाषांसाठी केली, एकट्या मराठीसाठी नाही. 'शाळा' लिहिताना ते बोटांना जाणवतं. अवतरणचिन्हाच्या की वर ट-ठ बसलेत आणि प्रश्नचिन्हाची जागाही गेली आहे, त्यामुळे विंडोज आणि स्पेस दाबून क्षणभर इंग्रजीत जावं लागतं. संवादांनी भरलेली गोष्ट लिहिताना ही कटकट खरी आहे. आणि फोनवर माझा आग्रह निम्मा होतो. तिथे दोन अंगठ्यांनी, बघून लिहायचं असतं, दोन हातांच्या आळीपाळीचा फायदा उरत नाही. फोनवर देवनागरी अक्षरं दाखवणारा कुठलाही कीबोर्ड घ्या, मांडणी कुठलीही असो. फक्त रोमन नको. आठवड्यातून एखादा मेसेज मराठीत टाकणाऱ्याने तर हे सगळं सोडून द्यावं, फोनेटिक त्याला पुरतं.

पण ज्याला लिहायचंय त्याने पहिल्या महिन्यातच ठरवावं, कारण दोन वर्षं फोनेटिकवर वेग आल्यावर मागे फिरणारे फार थोडे. त्या दोन वर्षांत ऱ्हस्व की दीर्घ, न की ण, ल की ळ हे प्रश्न स्वतःला विचारायची सवय मोडते, कारण ते प्रश्न यादी सोडवत असते. 'मि' सुचलं तर 'मि' जातं. इनस्क्रिप्टवर ि आणि ी या शेजारच्या ओळींतल्या वेगळ्या की आहेत. तुम्हाला दर वेळी ठरवावंच लागतं. चुकाल, पण ती चूक तुमची असेल आणि सुधारताही येईल.