पाने भरा, गुण घ्या?

आमच्या खानदेशात नर्सिंगच्या मुलींना एक उपदेश सर्रास केला जातो. पंधरा गुणांचा प्रश्न आला की निदान पाच पाने भरायची, जमल्यास सहा, आणि पुरवणी मागून घेतली तर परीक्षकावर चांगली छाप पडते. हा उपदेश सीनियर मुली करतात, क्लासवाले करतात, आणि खेदाने म्हणावे लागते की काही शिक्षकही करतात. माझे या सर्वांशी भांडण आहे. हा सल्ला निरुपयोगी असता तर मी गप्प बसलो असतो, पण तो मुलींना नापास करतो.

मी शाळामास्तर, नर्सिंगचा माझा संबंध काय, असे कुणी विचारील. संबंध एवढाच की उत्तरपत्रिका तपासण्यात आयुष्य गेले आणि आता शेजारपाजारच्या, ओळखीपाळखीतल्या मुली सरावाची उत्तरे घेऊन घरी येतात. चोपडा, यावल, साक्री, शिरपूर अशा तालुक्यांतून बारावी सायन्स करून जळगाव-धुळ्याला आलेल्या. बहुतेकींची शाळा मराठी माध्यमाची. बीएस्सी नर्सिंगचा पेपर मात्र इंग्रजीत, म्हणून कमी गुणांचे खापर सगळेच इंग्रजीवर फोडून मोकळे होतात. एकीने तर अहिराणीत सरळच विचारले, "सर, लिखं त भलतं, मार्क काबर नही पडनात?" तिची वही मी पाहिली. इंग्रजी साधे होते, चुका होत्या, पण अर्थ कळत होता. गुण गेले होते ते दुसऱ्याच वाटेने.

आधी हिशेब करू, कारण या भांडणात हिशेबच माझा मुख्य साक्षीदार आहे. पेपर ७५ गुणांचा, वेळ तीन तास, म्हणजे १८० मिनिटे. सुरुवातीची पाच मिनिटे प्रश्न वाचायला आणि शेवटची दहा उत्तरे नजरेखालून घालायला ठेवली तर उरतात १६५. भागाकार केला की एका गुणाला २.२ मिनिटे येतात. पंधरा गुणांचा प्रश्न म्हणजे ३३ मिनिटे. बहुपर्यायी प्रश्नांना एवढा वेळ लागत नाही, तेव्हा तिथे थोडी मिनिटे वाचतील, पण ती अडीअडचणीची गंगाजळी समजावी, खर्चाला धरू नये. आता पाच-सहा पाने भरायची म्हटली तर सावकाश लिहिणाऱ्या मुलीला ५५ मिनिटे सहज लागतात. म्हणजे २२ मिनिटे जास्त. २२ ला २.२ ने भागा, उत्तर १० येते. एका प्रश्नावर छाप पाडण्याच्या नादात पाच-पाच गुणांच्या दोन टिपा कोऱ्या राहिल्या! आणि त्या टिपांची उत्तरे तिला येत होती, हे दुःख वेगळेच.

बरे, त्या जादा पानांनी काही मिळाले का? एक उदाहरण घेऊन पाहू. आपल्या भागातलाच विषय घेतो, सिकल सेल. धुळे आणि नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांमध्ये हा आजार घरोघरी माहीत आहे, तेव्हा आमच्या मुलींना तो वॉर्डात भेटतोच. समजा प्रश्न असा आहे: दहा वर्षांचा मुलगा, सिकल सेलचा ज्ञात रुग्ण, पाय व छाती दुखत असून ताप आहे म्हणून दाखल झाला. (अ) सिकल सेल ॲनिमियाची व्याख्या लिहा, २ गुण. (आ) पॅथोफिजिऑलॉजी लिहा, ५ गुण. (इ) या मुलाचे नर्सिंग मॅनेजमेंट लिहा, ८ गुण.

पाने भरणारी मुलगी काय करते? व्याख्येपासून सुरू करते, मग रक्ताची रचना, मग ॲनिमियाचे प्रकार, मग कारणे, लक्षणे, तपासण्या. यातले निम्मे कुणी विचारलेलेच नाही. दोन गुणांच्या जागेत दीड पान गेले. परीक्षक तिथे दोनापैकी दोन देईल, अडीच देऊ शकत नाही. पॅथोफिजिऑलॉजी सलग परिच्छेदात. आणि आठ गुणांच्या भागाशी येईतो घड्याळाकडे लक्ष जाते, मग दहा-बारा ओळींत औषधांची नावे लिहून मोकळी.

वास्तविक उत्तराचा सांगाडा प्रश्नातच छापलेला असतो. उजवीकडच्या आकड्यांकडे पाहावे. दोन गुणांना साडेचार मिनिटे, पाचांना अकरा, आठांना साडेसतरा. झाली ३३. हे आकडे पेन्सिलीने समासात लिहायचे, आणि अ, आ, इ हीच मोठी शीर्षके करायची, प्रश्नात आलेल्या शब्दांतच. आपल्या मनाने शीर्षकाला नवे नाव देऊ नये, परीक्षक त्याच्या हातातल्या गुणविभागणीत तोच शब्द शोधत असतो.

व्याख्येला तीन-चार ओळी पुरतात: हा आनुवंशिक रक्तविकार आहे, हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटॅमिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येते, त्यातून हिमोग्लोबिन एस तयार होते आणि ऑक्सिजन कमी पडला की लाल पेशी विळ्यासारख्या होतात. पुढे एक शब्द लिहू नये.

पॅथोफिजिऑलॉजीला परिच्छेद कशाला? ती घटनांची साखळी आहे, बाणांनी लिहावी. संसर्ग, पाण्याची कमतरता, थंडी किंवा ऑक्सिजनची कमतरता, त्याखाली बाण, हिमोग्लोबिन एसचे रेणू एकमेकांना चिकटतात, बाण, पेशी कडक व विळ्याच्या आकाराची होते. इथे दोन फाटे फोडायचे. एका बाजूला बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, पेशीजालाला रक्त मिळत नाही, असह्य वेदना. दुसऱ्या बाजूला या पेशी लवकर फुटतात, निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते तर ही दहा-वीस दिवस, म्हणून रक्तक्षय आणि कावीळ. शेवटी एक वाक्य या मुलाबद्दल: पाय दुखतो तो कशाने, छाती दुखते ती कशाने. अर्ध्या-पाऊण पानात पाच गुणांचे काम झाले, आणि इंग्रजी व्याकरणाची कसोटीही टळली. मराठी माध्यमाच्या मुलींनी हा फायदा ओळखलाच पाहिजे.

आता आठ गुणांचा भाग, जिथे खरी परीक्षा आहे आणि जिथे सगळ्या वह्या एकाच खड्ड्यात पडतात. मुली इथे डॉक्टरचे उत्तर लिहितात. हायड्रॉक्सियुरिया, वेदनाशामके, रक्त देणे, अँटिबायोटिक. सगळे बरोबर, पण नर्स कुठे आहे? प्रश्न नर्सिंग मॅनेजमेंटचा होता. दुसरा खड्डा असा की दहा वर्षांचा तो मुलगा उत्तरातून नाहीसा होतो, आणि कुठल्याही रुग्णाला लागू पडेल अशी यादी उरते: विश्रांती द्या, धीर द्या, तापमान मोजा.

इथे पोटशीर्षके नर्सिंग प्रोसेसची घ्यावीत, म्हणजे आधी पाहणी, मग नर्सिंग डायग्नोसिस प्राधान्यक्रमाने, प्रत्येकाखाली काय करणार आणि का, आणि अखेर मूल्यमापन. या मुलाची छाती दुखते आणि ताप आहे, म्हणून पहिला क्रमांक श्वसनाचा. श्वासाची गती आणि ऑक्सिजन सॅच्युरेशन पाहायचे, कमी असेल तर आदेशाप्रमाणे ऑक्सिजन, आणि श्वास वाढला तर ताबडतोब डॉक्टरांना कळवायचे, कारण ॲक्यूट चेस्ट सिंड्रोमचा धोका असतो. दुसरी वेदना. चेहऱ्यांच्या चित्रांची किंवा शून्य ते दहाची पट्टी वापरून मोजायची, वेदनाशामक मूल रडण्याची वाट न पाहता ठरल्या वेळेला द्यायचे, नंतर पुन्हा मोजायचे. शेकायचे ते कोमट, बर्फ अजिबात नाही, कारण थंडीने रक्तवाहिन्या आकसतात. तिसरे पाणी. तोंडाने व शिरेतून आदेशाप्रमाणे, पोटात किती गेले आणि लघवी किती झाली याची नोंद, मात्र अतिरेक झाला तर फुप्फुसावर भार येतो हेही लिहावे. चौथा संसर्ग. या मुलांची प्लीहा नीट काम करत नाही, म्हणून तापाकडे दुर्लक्ष चालत नाही. शेवटी आई-वडिलांना काय सांगायचे: भरपूर पाणी, थंडीपासून जपणे, गोळ्या न चुकवणे, ताप आला की त्याच दिवशी दवाखाना, आणि भावंडांची तपासणी.

या "का"मध्येच गुण आहेत. "कोमट शेक द्या" हे कुणीही लिहील. बर्फ का नको, हे जिला सांगता येते तिने वॉर्डात डोळे उघडे ठेवलेले असतात.

काही जुने सहकारी मला म्हणतात की ही शीर्षकबाजी म्हणजे भाषेचा खून आहे, निबंध वाहता असावा. ललित निबंध जरूर वाहता असावा. पण नर्स ड्यूटी बदलताना जो रिपोर्ट देते तो वाहता असून चालत नाही. दुसऱ्या पाळीच्या बाईला अर्ध्या मिनिटात कळावे लागते की कोणत्या खाटेवर काय पाहायचे आहे. हो, नुसत्या शीर्षकांचेही खूळ आहेच. स्केचपेनने चौकटी, खाली दोन रेघा, आत पोकळ. त्याला गुण नकोतच. मी मुलींना एक युक्ती सांगतो. लिहून झाले की मजकूर हाताने झाका आणि फक्त शीर्षके वाचा. प्रश्न काय होता ते त्यावरून ओळखता आले पाहिजे. मग शीर्षके झाका आणि मजकूर वाचा. हा मुलगा दहा वर्षांचा आहे, त्याची छाती दुखते आहे, हे त्यातून कळले पाहिजे.

आणि थोडे प्रश्न काढणाऱ्यांनाही. कधी कधी "सविस्तर वर्णन करा, १५ गुण" एवढेच छापलेले असते, विभागणी नाही. मग पाने भरण्याची सवय लागली तर दोष एकट्या मुलींचा कसा? असा प्रश्न आला तर विभागणी स्वतः करावी आणि निम्मे गुण, निदान सात-आठ, नर्सिंगच्या भागाला राखून ठेवावेत. बीएस्सी नर्सिंगला २०२१-२२ पासून सेमिस्टर पद्धत आली, पेपर वारंवार येऊ लागले, तेव्हा ही सवय लावायला मुलींना एक निवांत वर्षही मिळत नाही.

वेळ संपतच आली तर? बारा मिनिटे उरली आणि दीर्घ प्रश्नाचा (इ) भाग बाकी आहे, शिवाय एक पाच गुणांची टीपही बाकी आहे. अशा वेळी मुली (इ) ला चिकटून बसतात. तसे करू नये. सात मिनिटांत चार डायग्नोसिस आणि प्रत्येकाखाली कारणासह दोन-दोन कृती लिहाव्या, वाक्ये अर्धवट राहिली तरी चालतील, आणि पाच मिनिटे टिपेला द्यावी. टिपेचे पहिले दोन-तीन गुण पहिल्या पाच मिनिटांत मिळतात, (इ) चा आठवा गुण मात्र पंधरा मिनिटे घासूनही मिळेलच असे नाही. माझ्याकडे येणाऱ्या मुलींना मी आता पूर्ण पेपर सोडवायला देतच नाही. एक प्रश्न, एक घड्याळ, ३३ मिनिटे, आणि वेळ झाली की वही काढून घेतो. पहिल्या दोन-तीन रविवारी रुसतात.