हरलेल्यांची यादी

छत्रपती संभाजीनगर महानगरपालिकेने प्रधानमंत्री आवास योजनेखाली सुमारे चाळीस हजार घरांची निविदा काढली, तेव्हा तिचा एकूण आकडा चार हजार कोटींच्या घरात होता. उस्मानपुऱ्यात भाड्याच्या खोलीत दिवस काढणारा मजूर या योजनेकडे डोळे लावून बसला होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये महापालिकेच्याच तक्रारीवरून एकोणीस जणांवर गुन्हा नोंदवला गेला आणि पुढच्याच महिन्यात सक्तवसुली संचालनालयाने छापे घातले. आरोप असा की, परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या म्हणून पुढे आलेल्या तीन कंपन्यांच्या निविदा एकाच आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटच्या एकाच जोडणीवरून, भरल्या गेल्या. खरेखोटे न्यायालय ठरवील. परंतु या प्रकरणाने एक गोष्ट दाखवून दिली: ठेका कोणाला मिळाला हे पाहावयाचे, तर तो कोणी गमावला हे आधी पाहावे लागते.

राज्यातील शासकीय निविदा mahatenders.gov.in या संकेतस्थळावर असतात. तेथे जिंकलेल्या कंपनीचे नाव टाकून तिचे सर्व ठेके एका दमात बाहेर काढता येत नाहीत. शोध घ्यावयाचा तो खात्याच्या आणि कामाच्या नावाने. Tenders Status या विभागात जाऊन खाते निवडावे, AOC, म्हणजे ठेका दिला गेला, ही स्थिती निवडावी आणि कालावधी द्यावा. कामांची यादी उघडते. प्रत्येक कामाच्या टप्प्यांच्या गोषवाऱ्यात निविदा कोणी भरल्या, तांत्रिक छाननीत कोण बाद झाले, उरलेल्यांनी काय दर दिले आणि कोण पहिला आला, हे सापडते. पहिली गफलत होते ती खाते निवडतानाच. शहराच्या नव्या पाणीपुरवठा योजनेचा ठेका महापालिकेच्या नावाखाली शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही; तो महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाने दिलेला आहे.

म्हणून एका खात्याची तीन वर्षांची कामे घेऊन हाताने वही भरावी लागते. कामाचे नाव, अंदाजित रक्कम, सर्व निविदाकार, त्यांचे दर, विजेता. काम कंटाळवाणे आहे खरे, पण पन्नासेक ओळी झाल्या की वही बोलू लागते. समजा, तीन नावे पुनःपुन्हा एकत्र येतात. एका कामात पहिला अंदाजपत्रकापेक्षा अर्धा टक्का कमी दर देतो, उरलेले दोघे दोन आणि तीन टक्के जास्त. पुढच्या कामात जिंकणारा बदलतो, अंतरे मात्र तीच राहतात. जेथे चौथा कोणी उतरतो तेथे दर एकदम पंधरा टक्क्यांनी खाली येतो. पहिल्या वेळी किमान तीन निविदा आल्याच पाहिजेत, असा जो दंडक असतो, तो पुरा करण्यासाठीच दोन नावे उसनी आणली जातात. स्पर्धा अधिनियम, २००२ च्या तिसऱ्या कलमाने अशी संगनमताची बोली निषिद्ध ठरवली आहे. अर्थात वही हा पुरावा नव्हे, संशयाचा आधार आहे. आयपी पत्ता तर नागरिकाला दिसतच नाही; तो संकेतस्थळ चालवणाऱ्या यंत्रणेकडे असतो.

नावांनीही फसगत होते. एकच कंपनी एकदा स्वतःच्या नावाने, एकदा दुसरीशी केलेल्या संयुक्त उपक्रमाच्या नावाने, तर एकदा मालकाच्या जुन्या फर्मच्या नावाने येते. अशा वेळी कागदपत्रांत छापलेला पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक उपयोगी पडतो. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे २७), त्यापुढची दहा अक्षरे म्हणजे पॅन. पॅनचे चौथे अक्षर C असेल तर कंपनी, F असेल तर भागीदारी, P असेल तर एकटी व्यक्ती. भारदस्त नावाच्या ‘इन्फ्रास्ट्रक्चर’मागे P निघाला की माणसाने थांबून पाहावे. एवढ्याने लबाडी सिद्ध होत नाही. मात्र कोणाशी व्यवहार आहे ते कळते.

या नोंदी ठेका दिला त्या दिवशी थांबतात. पाणी योजना मुळात १,६८० कोटींची होती, पुढे ती २,७४० कोटींवर गेली. ठेका मिळाल्याच्या दिवसाचा आकडा पाहणाऱ्याला हा प्रवास दिसत नाही. बांधकामाच्या बी-१ करारनाम्यातील ३८ वे कलम वाढीव परिमाणाला वाट देते, आणि मूळ निविदेत नसलेल्या बाबींची दरसूची मागाहून मंजूर होते. कमी दराने जिंकलेला ठेकेदार आपली तूट बहुधा येथेच भरून काढतो. तेव्हा वहीत प्रत्येक कामापुढे एक रकाना रिकामा ठेवावा, आणि काम संपल्यावर माहितीच्या अधिकारात संबंधित कार्यकारी अभियंत्याकडे तीनच कागद मागावेत: अंतिम देयक, मंजूर जादा बाबींची दरसूची, आणि मोजमाप पुस्तिकेच्या प्रती.