सासरने हाकललेली आणि सासरनेच वारस ठरवलेली

1955 साली एका मुलीचे लग्न झाले. तीनच महिन्यांत नवरा सर्पदंशाने वारला आणि सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले. माहेरी राहून ती शिकली, नोकरीला लागली आणि 1996 मध्ये निःसंतान, मृत्युपत्र न करता वारली. मागे बँकेतील ठेवी आणि भविष्यनिर्वाह निधी उरला. त्यावर तिच्या आईने दावा केला, तसाच नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांनीही केला. चार दशके ज्यांनी तिची विचारपूस केली नव्हती, ते भाचे सर्वोच्च न्यायालयात जिंकले. (ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण, 2009.)

न्यायालयाने कायदा चुकीचा वाचला, असे मला वाटत नाही. हिंदू वारसा कायदा, 1956 च्या कलम 15 मध्ये क्रमच तसा आहे. आधी मुले आणि नवरा, ते नसतील तर नवऱ्याचे वारस, त्यांच्यानंतर आईवडील. नवऱ्याचे वारस शोधताना तो जणू तिच्यानंतर लगेच मृत्युपत्राविना वारला, असे धरतात. पुरुषाच्या वारसांच्या यादीत बहिणीचा मुलगा येतोच, म्हणून तो तिच्या सख्ख्या आईच्या पुढे गेला. उलट, निःसंतान पुरुषाची मालमत्ता बायकोच्या भाच्याकडे जाण्याची वाटच कायद्यात नाही.

हा क्रम आला कोठून? याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरेत निःसंतान स्त्रीच्या स्त्रीधनाचा वारसा विवाहाच्या प्रकारावर ठरतो. ब्राह्म आदी चार प्रशस्त विवाहांत ते पतीकडे आणि तो नसल्यास त्याच्या सपिंडांकडे जाते. आसुरादी विवाहांत आईवडिलांकडे. मुलीचे दान झाले की तिचे गोत्र बदलले, हा त्यामागचा विचार. 1956 च्या कायद्याने विवाहाच्या प्रकाराचा भेद टाकून दिला, पण प्रशस्त विवाहाचा नियम सरसकट सर्वांना लावला. जुन्या शास्त्रात माहेरची निदान एक वाट उघडी होती. नव्या कायद्याने तीही मागे ढकलली, हा माझा मुख्य आक्षेप.

कलम 15(2) मध्ये अपवाद आहे, पण तो अरुंद आहे. आईवडिलांकडून वारशाने मिळालेली मालमत्ता, मुले-नातवंडे नसतील तर, वडिलांच्या वारसांकडे परत जाते, अगदी नवरा हयात असला तरी. येथे ‘वारशाने’ हा शब्द निर्णायक आहे. वडिलांच्या मृत्यूनंतर वाट्याला आलेली जमीन माहेरी परतते. त्यांनी हयातीत बक्षीसपत्राने दिलेली मात्र सासरच्या वाटेने जाते. स्वतःच्या पगारातून घेतलेल्या सदनिकेचेही तेच. 1956 साली स्त्रीच्या स्वकष्टार्जित मिळकतीचा विचार कायदा करणाऱ्यांच्या मनात फारसा नसावा; कलमात तिच्यासाठी वेगळे वाक्य नाही.

विधी आयोगाने 2008 मध्ये 207 व्या अहवालात दुरुस्ती सुचवली होती. कलम मात्र आहे तसेच आहे. तोवर तिच्या हाती उरते ते कलम 30 : दोन साक्षीदारांसमोर केलेले मृत्युपत्र. त्यात आईचे नाव लिहिले असेल, तर भाच्याचा प्रश्नच उद्भवत नाही.