आवाज नको, उजेड वाढवा

घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ऐकू येईना झालं की आपण आवाज चढवतो. माझ्या मते हा सगळ्यात कमी उपयोगाचा उपाय आहे. आधी खोलीतला दिवा कुठे आहे ते पाहावं.

आमच्या वसाहतीतल्या सत्तरी ओलांडलेल्या एका मावशींचं पाहा. दोन खोल्यांचं घर, संध्याकाळी टीव्ही चालू. मुलगा कामावरून येतो आणि दारातूनच विचारतो, "आई, गोळी घेतलीस का?" मावशी म्हणतात, "दोन खाल्ल्या." त्यांनी 'पोळी' ऐकलेलं असतं. तो ओरडून पुन्हा विचारतो, तर त्या चिडतात, "ओरडतोस कशाला, बहिरी आहे का मी?" मग सुनेचा शेरा ठरलेला, "सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं."

यात कुणीच खोटं बोलत नाही. वयाबरोबर कानाच्या आतल्या नाजूक पेशी कमी होतात आणि आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. आ, ओ, ऊ हे स्वर जाड आणि जोरकस असल्यामुळे ते ऐकू येत राहतात. स, श, फ, थ यांसारखी व्यंजनं विरून जातात. 'साठ' मधला स गेला की उरतो 'आठ', आणि भाजीवाल्याशी भांडण होतं. म्हणजे आवाज पोचतो, शब्द पोचत नाही. ओरडल्यावर वाढतात ते मुख्यतः स्वर, जे आधीच ऐकू येत होते. शिवाय अशा कानाला हळू आवाज ऐकू येत नाही आणि जरा मोठा झाला की तो लगेच बोचतो. मावशींची चिडचिड तिथून येते.

कानाने गाळलेला शब्द माणूस डोळ्यांनी भरून काढतो. 'पोळी' म्हणताना ओठ मिटतात, 'गोळी' म्हणताना मिटत नाहीत. समोरच्याचं तोंड दिसलं तर ही गल्लत होणार नाही. पण मुलगा दारात उभा, त्याच्या पाठीमागे जिन्यातला दिवा, त्यामुळे त्याचा चेहरा काळोखात. त्यात मावशींचे डोळेही वयाचे. बाहुली लहान राहते, भिंग पिवळसर होतं. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. मुलाला लख्ख वाटणारी खोली आईला अंधुक असते.

म्हणून त्या घरात बदल केला तो एवढाच. मावशींची खुर्ची अशी फिरवली, की खिडकी आणि ट्यूबलाइट त्यांच्या पाठीमागे आले आणि उजेड बोलणाऱ्याच्या तोंडावर पडू लागला. मुलगा आता आत येतो, टीव्ही बंद करतो, तीन-चार फुटांवर समोर बसतो. आधी "आई" म्हणून हाक, त्यांनी पाहिलं की विषय, "औषधाचं विचारतोय," आणि मग प्रश्न. नाही कळलं तर तेच वाक्य पुन्हा म्हणत नाही, शब्द बदलतो, "रात्रीचं बीपीचं औषध झालं का?" आवाज नेहमीचा, वेग थोडा कमी. नातीचा आवाज बारीक, म्हणून तिला जास्त जवळ यावं लागतं. प्रत्येक शब्द ताणून बोलू नये, त्याने ओठांचा आकार बिघडतो.

वाचायला छताचा दिवा मोठा करण्यापेक्षा टेबलावरचा दिवा जवळ आणावा. छोट्या दिव्याचं अंतर निम्मं केलं की कागदावर सुमारे चौपट उजेड पडतो. दिवा बाजूने असावा, त्यावर झाकण असावं आणि उघडा बल्ब डोळ्यांसमोर येऊ नये, कारण या वयात झगझगाट तरुणांपेक्षा जास्त त्रास देतो. टीव्हीच्या वर ट्यूबलाइट लावायची आपल्याकडची सवय त्यासाठीच वाईट. अंधाराला सरावायला म्हाताऱ्या डोळ्यांना वेळ लागतो, म्हणून रात्री संडासाच्या वाटेवर एक मंद दिवा चालू ठेवावा.

विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन असतं तिथेही हेच लागू आहे. भोंग्याचा आवाज वाढवला की हॉलमध्ये घुमतो आणि शब्द आणखी मिसळतात. वाचणाऱ्याच्या तोंडावर दिवा असावा, माईकने तोंड झाकू नये, पंख्याखालची नव्हे तर पुढची जागा ज्येष्ठांना द्यावी. "आता काही कळत नाही" म्हणत घरी बसलेल्या किती आज्या यामुळे परत येतील, ते आपल्या मंडळाने करून पाहावं.

अर्थात खुर्ची फिरवून मोतीबिंदू जात नाही. दिव्याभोवती वलयं दिसू लागली, उजेड वाढवूनही अक्षर धूसर राहिलं तर नेत्रतपासणी करावी. कानात नुसता मळ साचलेला असू शकतो, तो डॉक्टरांकडून काढून घ्यावा, काडी घालू नये. श्रवणयंत्र लागलं तरी समोर बसणं आणि तोंडावर उजेड ठेवणं सुटत नाही, कारण यंत्र गोंगाटही मोठा करतं. मात्र एका कानाचं ऐकणं एक-दोन दिवसांत अचानक गेलं तर ते वयाचं मानू नये. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्यावं, उपचाराला उशीर झाला की ते ऐकणं परत मिळण्याची शक्यता घटत जाते.