'उफ' म्हणायचं तरी कुणाला?

सूरह बनी इस्राईलची 23वी आयत आपल्या घरांत लहानपणापासून कानावर पडते. आईवडील म्हातारे झाले की त्यांना 'उफ' सुद्धा म्हणू नये, हा तिचा आशय. त्याबद्दल दुमत असण्याचं कारण नाही. माझा आक्षेप आहे तो ही आयत कुणाला आणि कधी ऐकवली जाते यावर. डिमेन्शिया झालेल्या सासूची खिदमत करणारी बाई दिराला किंवा नणंदेला म्हणते, "मला झोप मिळत नाही, कुणीतरी हातभार लावा." त्यावर तिला हीच आयत आणि सब्रचा सवाब ऐकवला जातो. आईवडिलांना उफ म्हणायला मनाई आहे. थकल्याचं घरच्यांना सांगायला आणि मदत मागायला मनाई कुठेच नाही.

दुसरी गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. ती आयत मुलांना उद्देशून आहे. सासू-सासऱ्यांची खिदमत सुनेवर शरीयतने फर्ज केलेली नाही, तो तिचा एहसान आहे, असं बहुतेक उलेमा सांगतात. आपल्याकडे मात्र फर्ज असलेला मुलगा दुकानात असतो आणि एहसान करणारी सून चोवीस तास घरात.

माझ्या ओळखीचं एक घर आहे. अम्मींना अल्झायमर होऊन पाच वर्षं झाली. तीन मुलं, एक मुलगी. अम्मी मधल्या मुलाकडे राहतात, म्हणजे खरं तर त्याच्या बायकोकडे. फजरला ओला बिछाना बदलण्यापासून तिचा दिवस सुरू होतो. आंघोळीला अम्मी तयार नसतात, अंगावर पाणी पडलं की ओरडतात. दिवसभर एकच प्रश्न, "हे कधी येणार?" अब्बांचा इंतकाल होऊन बारा वर्षं झाली. खरं सांगितलं की अम्मी पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या रडतात, म्हणून आता ती म्हणते, "येतील, तोवर चहा घ्या." असरपासून मगरिबपर्यंतचा वेळ सगळ्यांत अवघड. ऊन उतरलं की या आजारात बेचैनी वाढते, अम्मी बुरखा घालून दाराशी उभ्या राहतात, "मला घरी जायचंय." रात्री दोनला उठून सहरीची भांडी काढतात. रात्रीत तीनदा उठावं लागतं आणि तुकड्यातुकड्यांनी मिळून चार तास झोप होते. वर बांगड्या सापडल्या नाहीत की चोरीचा आळ तिच्यावरच. हा आळही आजाराचाच भाग असतो, आणि जो सगळ्यांत जास्त जवळ असतो त्याच्यावरच तो येतो.

जुम्याला थोरले भाईजान येतात. अम्मी त्यांच्याशी वीस मिनिटं छान बोलतात, दुआ देतात. भाईजान म्हणतात, "अम्मी तर ठीक आहेत, तू उगाच घाबरतेस." पाहुण्यांसमोर थोडा वेळ सावरून वागणं डिमेन्शियाच्या अनेक रुग्णांना जमतं. ते गेल्यावर अम्मी थकतात आणि संध्याकाळ आणखी जड जाते. म्हणून वीस मिनिटांच्या भेटीवरून सांभाळणाऱ्याला खोटं ठरवू नये. खरं काय ते बघायचं असेल तर एक रात्र राहून बघावं.

थकवा सगळ्यांनाच येतो. मग मदत आता आणलीच पाहिजे हे कशावरून ओळखायचं? पहिली खूण झोपेची. अम्मी नणंदेकडे असतानाही, निवांत रात्र मिळूनही तिला झोप लागत नसेल, तर शरीर विश्रांती घ्यायचं विसरलं आहे. दुसरी, तिची स्वतःची औषधं. अम्मींची गोळी कधी चुकत नाही, पण स्वतःची बीपीची गोळी महिनाभर संपलेली असते. तिसरी, लग्नाला, मय्यतीला, माहेरी जाणं बंद होतं आणि विचारलं तर "आता नको वाटतं" असं उत्तर येतं.

चौथी खूण हातांत दिसते. बोलणं गोडच असतं, पण कपडे बदलताना दंड जोरात धरला जातो, घास घाईने कोंबला जातो, दार बाहेरून लावून घेतलं जातं. हे बघून तिला जालीम ठरवणं सोपं आहे. पण ती दुष्ट झालेली नाही, तिच्या ताकदीची हद्द आली आहे. अम्मींच्या सुरक्षिततेसाठीच त्या दिवशी दुसऱ्या कुणीतरी काम हातात घ्यायला हवं.

पाचवी खूण ती कुणालाच सांगत नाही. "अल्लाहने आता यांना सोडवावं" हा विचार मनात येतो आणि लगेच गुन्हेगार वाटतं. असा विचार वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या अनेकांच्या मनात येतो, त्यावरून नियत खराब ठरत नाही. पण रडूही येईनासं झालं, आपणच मरावं किंवा अम्मींना काही करावं असं वाटू लागलं, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन, नंबर 14416, चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

ज्याला हे मोजून बघायचं आहे त्याच्यासाठी डॉक्टर झॅरिट यांची प्रश्नावली वापरतात. प्रश्न 22, प्रत्येकाला 0 ते 4 गुण, एकूण 88. स्वतःसाठी वेळ उरतो का, तब्येत बिघडली का, असे साधे प्रश्न आहेत. निदान भावंडांच्या बैठकीत ठेवायला एक आकडा मिळतो.

मदत म्हणजे काय, याचा एक धडा गोव्यात मिळाला. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात डिमेन्शियाच्या रुग्णांची 81 कुटुंबं होती. प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते काही कुटुंबांच्या घरी जात, आजार समजावत, सांभाळणाऱ्याचं ऐकून घेत. सहा महिन्यांत त्या सांभाळणाऱ्यांची मानसिक स्थिती सुधारली, रुग्णाच्या वागण्याचा त्रास कमी वाटू लागला. एकूण ओझ्याच्या मापात मात्र ठोस म्हणावी अशी घट दिसली नाही. मला यातून दिसतं ते असं: ऐकून घेतल्याने मन हलकं होतं, पण कामाचे तास कमी व्हायला दुसरे हात लागतात.

त्या घरात शेवटी तासच वाटले गेले. शुक्रवार-शनिवारच्या रात्री मुलं आळीपाळीने अम्मींच्या खोलीत झोपतात. नणंद रविवारी असर ते इशा थांबते. बाहेरगावचा धाकटा भाऊ सकाळी चार तासांच्या बाईचा पगार देतो. आधी त्यांनी अम्मींना दोन-दोन महिने प्रत्येकाकडे ठेवायचं ठरवलं होतं. ते एकाच फेरीत सोडावं लागलं, कारण नव्या घरात अम्मींना संडास सापडेना आणि रात्रीचं भटकणं वाढलं. या आजारात घर बदललं की गोंधळ वाढतो. म्हणून अम्मींना फिरवण्याऐवजी मुलांनी फिरावं. नमाजवरूनची ओढाताणही थांबली. अक्कल हरपलेल्या माणसावर नमाज फर्ज राहत नाही, हे इमामसाहेबांनी समजावलं. आता अम्मींनी मुसल्यावर दहा वेळा सजदा केला तरी कुणी टोकत नाही.

अम्मींचा आजार यामुळे थांबला नाही, पुढेही थांबणार नाही. पण वहिनीला आठवड्यात दोन रात्री सलग झोप मिळते, तिची गोळी वेळेवर आहे आणि आंघोळ घालताना तिचा हात पुन्हा हलका झाला आहे. 'उफ'ची आयत ज्यांना पाठ आहे त्यांनी पुढच्या जुम्याला अम्मींची तब्येत विचारून झाल्यावर स्वयंपाकघरात जावं आणि विचारावं, "या आठवड्यात तू किती तास झोपलीस?" उत्तर ऐकून झाल्यावर लगेच निघू नये, ती रात्र तिथेच थांबावं.