शैक्षणिक कर्ज: हप्ता लहान ठेवा, फेड मात्र मोठी करा

रत्नागिरी : इंजिनीअरिंगचे प्रवेश सुरू झाले की राजापूर, लांजा, संगमेश्वरातले पालक बँकेच्या पायऱ्या चढू लागतात. 'शिकून झाल्यावर पोरगा फेडेल', एवढाच हिशेब बहुतेकांच्या डोक्यात असतो. पण व्याज शिक्षण संपायची वाट बघत नाही.

समजा, चार वर्षांसाठी दरवर्षी दीड लाख, असं ६ लाखांचं कर्ज १० टक्क्यांनी घेतलं. शिक्षणाची चार वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नाही. या काळात साधं व्याज लागतं, ते होतं २ लाख १० हजार. सवलत संपली की बँक ते मुदलात मिळवते आणि हप्ते सुरू होतात ८ लाख १० हजारांवर. पहिल्या वर्षाचं व्याज फक्त १५ हजार असतं. मे महिन्यात आंब्याचे पैसे हातात आले की तेवढं भरून टाकलं, तरी पुढचा बोजा हलका होतो. सवलतीच्या काळात व्याज नियमित भरलं तर काही बँका दरात एक टक्का सूटही देतात. ते कर्ज घेतानाच विचारा.

नोकरी लागल्यावर खरा प्रश्न येतो, किती लवकर फेडायचं? १५ वर्षांची मुदत घेतली तर हप्ता सुमारे ८,७०० रुपये, पण एकूण व्याज साडेसात लाखांच्या वर जातं. सात वर्षांत फेडलं तर हप्ता साधारण १३,४५० आणि व्याज सव्वातीन लाखांच्या आत. फरक सव्वाचार लाखांहून जास्त.

तरीही मुदत लांबचीच घ्यावी, भरावे मात्र १३,४५०. कर्ज सात वर्षांतच मिटतं. आणि नोकरी सुटली किंवा घरात आजारपण आलं, तर त्या महिन्यात ८,७०० भरून निभावता येतं. आधी तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, मग जादा भरणा सुरू करा. बदलत्या व्याजदराच्या कर्जावर मुदतीआधी फेडलं म्हणून दंड घेता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

इथे एक गडबड होते. जादा रक्कम 'पुढचा हप्ता' म्हणून जमा झाली तर व्याज वाचत नाही. 'मुदलात जमा करा, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा', असा लेखी अर्ज द्या. पुढच्या महिन्यात खातेउतारा घ्या. मुद्दल तेवढ्याने खाली आलं नसेल, तर लगेच शाखेत जा.

'कर वाचतो, म्हणून कर्ज राहू दे', हा सल्लाही तपासून घ्या. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची वजावट फक्त जुन्या करप्रणालीत आणि आठ वर्षंच मिळते. नव्या प्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या पगारावर करच नाही. नवख्या पगारदाराचा कर वाचणार तरी कुठला?

आणि हप्ते थकले तर सहकर्जदार म्हणून सही केलेल्या बापाचाही सिबिल स्कोअर पडतो. उद्या त्यालाच बागेसाठी कर्ज लागलं, तर बँक आधी हेच खातं बघेल.