काडी निखळली तर दुरुस्ती, पूल मोडला तर फ्रेम बदला

चष्मा मोडला की आपल्या घरांत दोनच गोष्टी होतात. एक तर फेव्हिक्विक लावून तो वर्षभर ओढला जातो, नाहीतर दुकानदार सांगेल तसा काचांसकट नवा चष्मा घेतला जातो. आमच्या मते दोन्ही चूक आहे. काय मोडले आहे ते आधी पाहावे. काडीची बिजागरी मोडली तर दुरुस्ती बहुतेक वेळा परवडते. नाकावरचा पूल मोडला तर फ्रेम बदलावी, काचा मात्र शक्यतो त्याच ठेवाव्यात.

आधी बिजागरी घेऊ. काडी निखळते ती बहुधा स्क्रू पडल्यामुळे. चोपडा, यावल, साक्रीकडच्या गावातून जळगावला किंवा धुळ्याला जायला चार दिवस लागणार असतील, तर बिजागरीची भोके एका रेषेत आणून त्यांतून बारीक तांब्याची तार किंवा मासे धरायचा नायलॉनचा दोरा ओवावा आणि गाठ मारावी. तारेचे टोक आतून डोळ्याकडे राहू देऊ नये. दुकानात नवा स्क्रू काही मिनिटांत बसतो. तो पुन्हा सैल होऊ नये म्हणून डोक्यावर नेलपॉलिशचा एक थेंब पुरतो. बिजागरीत फेव्हिक्विक मात्र कधीच घालू नये. काडी मिटत नाही, जोर पडून फ्रेम दुसरीकडे तडकते आणि नंतर स्क्रूही बसत नाही. शिवाय त्याच्या वाफेने काचेवर पांढरा थर बसतो. तो काढायला ॲसिटोन वापरले तर प्लास्टिकची काच आणि फ्रेम दोन्ही खराब होऊ शकतात.

पुलाचे प्रकरण वेगळे आहे, कारण पूल दोन्ही काचा डोळ्यांसमोर जागेवर धरतो. समजा, अभ्यासिकेत बसणाऱ्या एका मुलाचा नंबर दोन्ही डोळ्यांना उणे 5 आहे. पूल मोडला, घरी चिकटवला आणि एक काच दुसरीपेक्षा 2 मिलिमीटर खाली बसली. नंबराला सरकलेल्या सेंटीमीटरने गुणायचे, म्हणजे 5 गुणिले 0.2, उत्तर 1. एवढा फरक वर-खाली पडला तर एका डोळ्याला ओळ जरा वर आणि दुसऱ्याला जरा खाली दिसते. डोळे ते जुळवत राहतात आणि संध्याकाळी डोके दुखते. घरचे म्हणतात, मुलगा अभ्यासाला कंटाळला. हाच नंबर उणे 1 असता, तर उत्तर 0.2 आले असते आणि त्रास क्वचितच जाणवला असता. म्हणून नंबर जितका मोठा, तितका चिकटवलेला पूल नुकसानीचा.

हे घरी तपासता येते. चष्मा उलटा करून सपाट टेबलावर ठेवा. तो डुगडुगला तर फ्रेम पिळलेली आहे. मग तो घालून लांबच्या दाराच्या चौकटीची वरची आडवी पट्टी पाहा. ती दुहेरी दिसली, तर तो चष्मा वापरू नये. सिलिंडरचा नंबर असेल तर काच थोडी फिरली तरी दृष्टी धूसर होते.

तात्पुरता उपाय म्हणून पुलाला गोंदाऐवजी औषधाच्या दुकानातली कागदी चिकटपट्टी लावावी. मागून आगकाडीचा तुकडा आधाराला ठेवून पट्टी गुंडाळावी. मोडलेली टोके स्वच्छ राहतात, म्हणजे दुकानात काही करता येते. ॲसिटेटच्या फ्रेमची टोके ॲसिटोनने मऊ करून कारागीर जोडू शकतो, पण जोड मूळच्याइतका भक्कम होत नाही. लवचीक नायलॉनच्या फ्रेमला ते लागूही पडत नाही. साध्या धातूच्या पुलाला बारीक डाग देता येतो, आणि सोन्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या जळगावात डाग देणारे हात आहेत. मात्र आधी काचा काढून घ्याव्यात, उष्णतेने त्या बिघडतात. टायटॅनियमला साधा डाग चालत नाही.

फ्रेम बदलताना दुकानदाराला स्पष्ट विचारा, "याच काचा बसतील का?" नव्या फ्रेमचे घर जुन्याएवढे किंवा किंचित लहान हवे. काच घासून बसवल्यावरही तिचा मध्य बुबुळासमोर यायला हवा, आणि दुहेरी नंबराच्या चष्म्यात वाचायचा भाग जुन्याच उंचीवर. घासताना काच तडकली तर भरपाई कोणाची, हेही आधीच ठरवा. काचांवर ओरखडे असतील किंवा मुलाचा नंबर तपासून वर्ष उलटले असेल, तर जुन्या काचांत पैसे घालू नयेत. आधी डोळे तपासावेत.